साठ रुपये केंद्राचे, अट शंभरच्या शंभरांवर

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झालं की पहिल्या दोन-चार दिवसांत एक बातमी येतेच: इतक्या हजार कोटींच्या पुरवणी मागण्या सादर. बातमीच्या तळाशी, कुठल्या खात्याला किती याच्या यादीत, ‘केंद्र पुरस्कृत योजनांसाठी राज्य हिस्सा’ अशी एक ओळ सापडते. तिथवर फारसं कोणी वाचत नाही. मोर्चे कुठे अडवले आणि विधान भवनाच्या पायऱ्यांवर कोण बसलं, यातच पान संपतं. पण दिल्लीचा राज्यांवर नेमका ताबा कशातून चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर ती ओळ पायऱ्यांवरच्या घोषणांपेक्षा जास्त सांगते.

कारण त्या ओळीमागे एक सक्ती असते. राज्याने आपला हिस्सा टाकला नाही तर केंद्राचा हिस्सा येत नाही. आणि टाकला, तर दोन्ही हिस्से दिल्लीने लिहिलेल्या नियमांनी खर्च करावे लागतात. हे सगळं कुठल्याही आदेशाशिवाय घडतं.

## केंद्र राज्याला थेट हुकूम देऊ शकतं का?

देऊ शकतं. राज्यघटनेच्या कलम २५६ प्रमाणे संसदेने केलेले कायदे आपल्या हद्दीत पाळले जातील अशा रीतीनेच राज्याने कारभार करायचा असतो, आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं. कलम २५७ त्याच्या पुढे जातं: केंद्राच्या कारभारात राज्याने अडथळा आणू नये, लष्करी किंवा राष्ट्रीय महत्त्वाचे दळणवळणाचे मार्ग नीट ठेवावेत, रेल्वेचं रक्षण करावं. शेवटच्या दोन कामांसाठी राज्याला जादा खर्च आला तर तो केंद्राने द्यायचा, हेही तिथेच लिहिलंय. आणि निर्देश पाळलेच नाहीत तर कलम ३६५ आहे. त्या राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालणं अशक्य झालंय, असं राष्ट्रपती मानू शकतात. म्हणजे पुढचं पाऊल राष्ट्रपती राजवट.

कागदावर हे फार जबर हत्यार आहे, आणि म्हणूनच ते सहसा म्यानातून बाहेर येत नाही. १९६८ साली केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा संप झाला. संप मोडण्यासाठी केंद्राने काढलेल्या अध्यादेशाप्रमाणे कारवाई करायला केरळच्या नंबुद्रिपाद सरकारने नकार दिला. वाद खूप पेटला, पण सरकार काही बरखास्त झालं नाही. केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगानेही पुढे हेच सांगितलं, की निर्देश हा अगदी शेवटचा उपाय असावा.

शिवाय निर्देशाला एक मोठी मर्यादा आहे. त्याला कायद्याचा आधार लागतो. २०२० च्या मार्चमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एका आदेशावर नागपूरची सीताबर्डी आणि इतवारी ओस राहिली, ती आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ हाताशी होता म्हणून. जिथे संसदेचा कायदा नाही, नुसतं केंद्राचं धोरण आहे, तिथे २५६ चालत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे असंच धोरण आहे. तो कायदा नाही. ते पाळा, असा घटनात्मक हुकूम केंद्र कुठल्याही राज्याला देऊ शकत नाही.

मग ते राज्यांकडून पाळून कसं घ्यायचं?

## कलम २८२: एका वाक्याची वाट

घटनेच्या ‘संकीर्ण वित्तीय तरतुदी’ या भागात कलम २८२ आहे. एकाच वाक्याचं. त्याचा अर्थ असा की केंद्र किंवा राज्य कुठल्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देऊ शकतं, मग त्या विषयावर कायदा करायचा अधिकार त्याला असो वा नसो. आरोग्य, शेती, पाणी हे घटनेने राज्यांकडे दिलेले विषय आहेत, आणि तरी दिल्लीत त्यांच्या योजना आखल्या जातात, त्या याच वाक्याच्या जोरावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासदार निधीच्या खटल्यात या कलमाचा असा व्यापक वापर मान्यही केलाय.

अशा योजनांना केंद्र पुरस्कृत योजना म्हणतात. राबवायची राज्याने, पैसा दोघांचा, नियम केंद्राचे. २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपगटाच्या शिफारशीनंतर यांतल्या बहुतेक मोठ्या योजनांचं प्रमाण ठरलं: केंद्र ६०, राज्य ४०. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी ९० आणि १०.

अशा योजनेला राज्याची सही लागते. निर्देश लादता येतो, अनुदान घ्यावं लागतं. म्हणून कायद्याच्या नजरेत राज्य स्वखुशीने अटी मान्य करत असतं. ही स्वखुशी कितपत खुशीची, ते पैसा खाली येताना बघितल्यावर कळतं.

## कुहीच्या शाळेचे पंचवीस हजार

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शाळा आहे, पटावर साठ मुलं. समग्र शिक्षा योजनेत अशा शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. रक्कम पटावर ठरते: तीसपर्यंत मुलं असतील तर दहा हजार, ३१ ते १०० असतील तर पंचवीस हजार, त्यापुढे पन्नास, पंच्याहत्तर आणि जास्तीत जास्त एक लाख. आपल्या शाळेला पंचवीस हजार. त्यात पंधरा हजार केंद्राचे, दहा हजार महाराष्ट्राचे. वीजबिल, खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती, सगळं यातच, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च झालेच पाहिजेत. म्हणजे मुख्याध्यापिकेने अडीच हजार फिनाईल-झाडू-हँडवॉशला बाजूला काढायचे, मग छप्पर गळत असलं तरी.

आता हे पंचवीस हजार येतात कसे? राज्य आधी वार्षिक आराखडा करून दिल्लीला पाठवतं. तिथलं प्रकल्प मंजुरी मंडळ तो एकेका बाबीने तपासतं, कापतं, मंजूर करतं. मग पैसे हप्त्यांनी सुटतात. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल संस्था आणि तिचं एकच बँक खातं. समग्र शिक्षेसाठी आपल्याकडे ही संस्था महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या तिजोरीत येतो, तिथून ठरलेल्या मुदतीत या खात्यात जायलाच हवा, आणि मागोमाग राज्याचा चाळीस टक्के हिस्साही. राज्याने केंद्राचा पैसा अडकवून ठेवला तर वर सात टक्क्यांनी दंडव्याज. शाळेच्या खात्यात रक्कम पडून नसते. तिला ‘लिमिट’ मिळते, म्हणजे अमुक रकमेपर्यंत त्या मोठ्या खात्यातून खर्च करायची परवानगी. बिलाचे पैसे थेट दुकानदाराला जातात. अलीकडे काही योजनांत तर बिल आल्यावरच रिझर्व्ह बँकेतून पैसा सुटतो.

यातला सर्वात बोचरा नियम हप्त्याचा. केंद्राचा एक हप्ता साधारण पंचवीस टक्क्यांहून मोठा नसतो, आणि आधीच्या रकमेतले किमान पंचाहत्तर टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा सुटत नाही. हे पंचाहत्तर टक्के मोजताना राज्याचा हिस्साही धरतात, आणि मोजतात ते राज्याच्या एकूण खर्चावर. म्हणजे कुहीच्या बाईंनी आपलं लिमिट महिन्याभरात चोख संपवलं आणि दुसरीकडच्या चार जिल्ह्यांत फाइली अडकल्या, तर बाईंचा पुढचा हप्ताही अडकतो. त्यांना कारण कोणी सांगत नाही. परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख सांगतात, “वरून आलं नाही.” मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येतं, न वापरलेलं लिमिट वर्ष संपताच परत जातं, आणि तालुक्याच्या स्टेशनरीवाल्याकडे एकतीस मार्चच्या आधी रांग लागते.

इथे एक गोष्ट सहज निसटते. त्या पंचवीस हजारांतले दहा हजार पूर्णपणे महाराष्ट्राचे आहेत, विधानसभेने मंजूर केलेले. पण ते केंद्राच्या पंधरा हजारांच्या शेजारी ठेवल्याबरोबर त्यांनाही केंद्राचेच नियम लागले. उद्या विधिमंडळाला वाटलं की विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी या दहातले चार हजार पंखे आणि माठ यांनाच द्यावेत, तर योजनेच्या आत ते शक्य नाही. वेगळी योजना काढून वेगळा पैसा टाकावा लागेल. आणि राज्याच्या मोकळ्या पैशाचा बराचसा भाग असे ‘चाळीस’ भरण्यातच जात असेल, तर तो वेगळा पैसा आणायचा कुठून?

## तामिळनाडूने सही केली नाही तेव्हा

साध्या अटी, म्हणजे हिशेब द्या, खातं एकच ठेवा, योजनेचं नाव बदलू नका, यांवर कुरकुर होते पण भांडण क्वचित. भांडण होतं ते एका योजनेचा पैसा दुसऱ्या योजनेच्या सहीला बांधला की.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम श्री’ योजना मंजूर केली. देशभरातल्या साडेचौदा हजारांवर शाळा आदर्श करायच्या, पाच वर्षांत २७,३६० कोटी रुपये, त्यांत केंद्राचे १८,१२८ कोटी. एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोन शाळा. पण शाळा निवडण्याआधी राज्याने केंद्राशी सामंजस्य करार करायचा, आणि त्यात नवं शैक्षणिक धोरण संपूर्ण राज्यात, संपूर्णपणे राबवू असं कबूल करायचं. पैसा निवडक शाळांना, वचन सगळ्या राज्याचं. महाराष्ट्राने सही केली. आपल्याकडच्या काही जिल्हा परिषद शाळांच्या फलकावर आता नावाआधी ‘पीएम श्री’ लागलंय ते त्यामुळे.

तामिळनाडूने आधी तयारी दाखवली, मग धोरणाचा उल्लेख गाळून मसुदा परत पाठवला. त्यांचं दोन भाषांचं धोरण १९६८ पासूनचं, आणि नव्या धोरणात तीन भाषा आहेत. केंद्राला तो बदल मान्य नव्हता. इथवर ठीक: सही नाही, तर पीएम श्रीचा पैसा नाही. पण थांबला तो समग्र शिक्षेचा पैसा, जो त्या राज्याला वर्षानुवर्षं मिळत होता. २०२४-२५ साठी तामिळनाडूचा मंजूर आराखडा सुमारे ३,५८६ कोटींचा होता. त्याचे साठ टक्के म्हणजे सुमारे २,१५२ कोटी केंद्राने द्यायचे होते. त्या वर्षी ते गेले नाहीत.

केंद्राचं म्हणणं असं की २०२१ पासून समग्र शिक्षा ही नव्या धोरणाशीच जोडलेली योजना आहे, पीएम श्री त्याच वाटेवरची, तेव्हा एक हवी आणि दुसरी नको असं चालणार नाही. तामिळनाडूचं म्हणणं, या दोन वेगळ्या योजना आहेत, आणि समग्र शिक्षेतला काही पैसा तर शिक्षण हक्क कायद्याचा आहे. त्या कायद्याच्या सातव्या कलमात खर्चाची जबाबदारी दोन्ही सरकारांवर टाकलेली आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण कायद्याने आलेलं देणं आणि सहीने येणारं बक्षीस एकाच पाकिटात घातलं, की ज्याने सही केली नाही त्याचं देणंही थकतं. झालंही तसंच. खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांचा परतावाही याच पैशातून येतो. तामिळनाडूत २०२५-२६ चे ते प्रवेश महिनोन्‌महिने रखडले.

केरळची गंमत वेगळीच. तीन वर्षं नाही नाही म्हणत त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशाच्या गरजेपोटी सही केली, आघाडीतल्याच भाकपने आकांडतांडव केलं, आणि आठवड्याभरात करार स्थगित ठेवायचा निर्णय झाला.

## पैसा त्यांचा, अट त्यांची. यात बिघडलं कुठे?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर पैसा मुळात कुणाचा यात आहे.

काटोलकडे चार भावांची सामाईक संत्र्याची बाग आहे असं धरा. विक्रीचा व्यवहार थोरल्याच्या हातात, कारण व्यापारी त्याला ओळखतात. आलेल्या पैशातला ठरलेला वाटा तो प्रत्येकाला देतो, त्यावर त्याची काही अट नाही. उरलेल्यातून तो म्हणतो, तुझ्या पोरीच्या लग्नाचे साठ टक्के मी देतो, चाळीस तू घाल. पण हॉल मी सांगेन तो आणि पत्रिकेवर माझं नाव आधी. धाकट्याला हे ‘थोरल्याचे पैसे’ वाटत नाहीत, आणि त्याचं फार चुकतं असंही नाही.

आयकर, कंपनी कर आणि जीएसटीतला केंद्राचा हिस्सा दिल्लीत जमा होतो, पण तो निघतो राज्यांतूनच. यातला वाटणीयोग्य भाग किती वाटायचा ते वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या आयोगाने ४१ टक्के ठरवला. हा पैसा विनाअट येतो. पण उपकर आणि अधिभार या वाटणीत येतच नाहीत, ते सगळे केंद्राकडेच राहतात. उपकर जितके वाढतील तितका विनाअट पैसा आकसतो आणि केंद्राच्या हातचा, अटी घालून देता येण्याजोगा पैसा वाढतो. राज्यांचा राग अटींपेक्षा या सरकण्यावर जास्त आहे.

## मग अटीच नकोत?

असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. २०२१ चे खात्याचे नियम उगाच आले नाहीत. त्याआधी केंद्राचा पैसा राज्यांत ढीगभर खात्यांमध्ये पडून राहायचा, त्यावर व्याज जमायचं, शाळेपर्यंत दमडी पोचायची नाही आणि कागदावर मात्र वाटप पूर्ण. दिल्लीने एक खातं, एक हिशेब मागितला यात गैर काही नाही. आता त्या खात्यावरचं व्याजही दोन्ही सरकारांना आपापल्या प्रमाणात परत जातं.

माझ्या मते रेघ अशी मारता येते: मी दिलेला पैसा त्याच कामाला लागला का, एवढं विचारणारी अट ठीक. मी दिलेला पैसा हवा असेल तर दुसरं कामही माझ्या पद्धतीने करा, असं म्हणणारी अट म्हणजे मागच्या दाराने दिलेला निर्देश. २५६ च्या दाराने तो आलाच नसता.

राज्यंही काही साधी नाहीत. नको असलेल्या निर्णयाचं खापर ‘वरच्या अटी’वर फोडायची सवय सगळ्यांनाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून हिंदी आणली तेव्हा नव्या शैक्षणिक धोरणाकडे बोट दाखवलं गेलं. त्या धोरणात तीन भाषा आहेत, पण कुठलीही भाषा लादली जाणार नाही असंही त्यातच लिहिलंय. हिंदी ही निवड राज्याची होती, आणि जूनअखेर शासन निर्णय मागे घेतला तोही राज्यानेच.

## कोर्टात जाता येत नाही का?

जाता येतं. घटनेच्या कलम १३१ खाली राज्य केंद्राविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावू शकतं, आणि तामिळनाडूने मे २०२५ मध्ये तो लावला: थकलेली रक्कम आणि त्यावर व्याज. त्याच महिन्यात वेगळ्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांना हे धोरण स्वीकारायला आम्ही थेट भाग पाडू शकत नाही, असं सांगितलं होतं.

पैसा अडवण्याबद्दल सर्वात स्पष्ट बोललं ते कोलकाता उच्च न्यायालय. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कलम २७ होतं: केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं, आणि गैरव्यवहाराची तक्रार असेल तर चौकशी करून निधी थांबवू शकतं, पण वाजवी मुदतीत सुधारणाही घडवून आणायची. या कलमाखाली मार्च २०२२ पासून पश्चिम बंगालचा निधी बंद झाला तो तीन वर्षांहून जास्त काळ. जून २०२५ मध्ये न्यायालयाने १ ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करायला सांगितलं. गैरव्यवहार रोखायला केंद्राने हव्या त्या खास अटी घालाव्यात, पण योजना कायमची गोठवून ठेवता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये केंद्राचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. यात राज्याच्या बाजूने कायदा होता हे विसरू नका. नुसत्या २८२ च्या अनुदानाला असा आधार नसतो, म्हणून तामिळनाडूची वाट जास्त अवघड आहे.

## मुंबई तरी वेगळं काय करते?

नागपुरात हे वाचणारा कोणीही हा प्रश्न विचारेल, आणि बरोबर विचारेल. दिल्ली मुंबईला जे करते तेच मुंबई जिल्हा परिषदेला आणि महापालिकेला करते: बांधलेला निधी, खर्चाचे ठरीव शीर्ष, वर्षअखेर घाईत सुटणारी रक्कम. फरक इतकाच की जिल्हा परिषदेला कलम १३१ नाही.

तेव्हा तुमच्या गावच्या शाळेचा किंवा घरकुलाचा पैसा अडला तर ‘केंद्राने दिला नाही’ हे उत्तर लगेच मान्य करू नका. निधी वितरणाचा शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर असतो. त्याच्या प्रस्तावनेत केंद्राने हप्ता कोणत्या तारखेच्या पत्राने सोडला ते दिलेलं असतं, आणि खालच्या तक्त्यात केंद्र हिस्सा आणि राज्य हिस्सा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली. केंद्राच्या पत्राची तारीख जून असेल आणि शासन निर्णय ऑक्टोबरचा, तर पैसा मुंबईत अडकला होता. दोन्ही तारखा लागोपाठच्या असतील आणि शाळेचं लिमिट तरी जानेवारीत आलं, तर तो नोडल खात्यापासून खाली कुठेतरी थांबला, आणि चौकशी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात करायची. शासन निर्णयच निघाला नसेल, तर मागच्या हप्त्याचे पंचाहत्तर टक्के खर्च झाले होते का आणि उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवलं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.